प्रकल्प नोंदी: आठवड्याचा मोल्डिंग प्लॅन आणि शंभर टक्के नियम (रबाळे)

२ जून २०२५

रबाळे एमआयडीसीतल्या प्लास्टिक मोल्डिंग युनिटचा आठवड्याचा प्लॅन आता लिनिअर प्रोग्रॅमिंगवर चालतो. मॉडेल मुद्दाम लहान ठेवलं आहे. क्रेट, बादली आणि झाकणाचा डबा अशा तीन वस्तू आहेत आणि सगळे आकडे शेकड्याला, म्हणजे १०० नगांना आहेत.

एका शेकड्याला मशीनचे तास असे लागतात: क्रेट २, बादली १, डबा १.५. पीपी दाण्याच्या २५ किलोच्या गोण्या: क्रेट ६, बादली २, डबा ४. ट्रिमिंग-पॅकिंगचे मनुष्यतास: क्रेट ३, बादली २, डबा ४. आठवड्याला मशीन १२० तास मिळतं, दाणा ३०० गोण्या येतो. पॅकिंगला सहा माणसं, सहा दिवस, रोज निव्वळ साडेसहा तास धरले की २३४ तास होतात. शेकड्यामागचं कॉन्ट्रिब्युशन क्रेटला ४००० रुपये, बादलीला १६०० आणि डब्याला २५०० आहे. यातून दाण्याची किंमत आधीच वजा झालेली आहे. पुढे शॅडो प्राइस वाचताना हे विसरून चालणार नाही.

उत्तर येतं ३० शेकडा क्रेट, ६० शेकडा बादल्या, डबा शून्य. एकूण कॉन्ट्रिब्युशन २,१६,००० रुपये. मशीन आणि दाणा पूर्ण वापरले जातात, पॅकिंगचे २४ तास शिल्लक राहतात. म्हणजे बेसिसमध्ये, ज्या आकड्यांवर हे उत्तर उभं आहे त्या संचात, क्रेट, बादली आणि पॅकिंगची शिल्लक आहे. शॅडो प्राइस, म्हणजे एक नग जादा साधन मिळालं तर एकूण कॉन्ट्रिब्युशन जितकं वाढेल ते, मशीनच्या एका तासाला ८०० रुपये, एका गोणीला ४००. गोणीचे ४०० हे खरेदीदरावरचे आहेत: चालू दराने गोणी विकत घेऊनही वर इतका फायदा उरतो, असा त्याचा अर्थ.

एक्सेल सॉल्व्हरच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमधला कामाचा भाग असा:

```
            Objective     Allowable   Allowable
            Coefficient   Increase    Decrease
क्रेट        4000          800         600
बादली       1600          400         266.67
डबा         2500          300         1E+30

            Constraint    Allowable   Allowable
            R.H. Side     Increase    Decrease
मशीन         120           8           20
दाणा         300           60          48
पॅकिंग       234           1E+30       24
```

`1E+30` म्हणजे मर्यादा नाही. डब्याचं कॉन्ट्रिब्युशन कितीही पडलं तरी जो डबा बनतच नाही त्याने प्लॅन हलत नाही.

३ जून

या रिपोर्टमधली प्रत्येक मर्यादा एकट्या बदलाची आहे. क्रेट ६०० रुपयांनी उतरू शकते, पण बाकी सगळं जागच्या जागी असेल तरच. विक्री विभागाकडून एकाच वेळी दोन गोष्टी आल्या आहेत: मोठ्या गिऱ्हाइकाला क्रेटमध्ये सूट द्यायची, म्हणजे शेकड्याला २४० रुपये कमी, आणि बादलीत ८० रुपये कमी. दोन्ही आकडे आपापल्या मर्यादेत आहेत. पण तेवढ्यावर "प्लॅन तोच" असं म्हणता येत नाही.

शंभर टक्के नियम इथे लागतो. प्रत्येक बदलाला त्याच दिशेच्या मर्यादेने भागायचं, म्हणजे घट असेल तर घटीच्या रकान्याने आणि वाढ असेल तर वाढीच्या. आलेल्या टक्क्यांची चिन्ह न बघता बेरीज करायची. ती १०० किंवा कमी आली तर चालू बेसिस इष्टतमच राहतो.

क्रेट: २४० ÷ ६०० = ४० टक्के. बादली: ८० ÷ २६६.६७ = ३० टक्के. बेरीज ७०. प्लॅन तोच राहतो, ३० शेकडा क्रेट आणि ६० शेकडा बादल्या. एकूण मात्र नव्या दराने मोजायचं: ३० × ३७६० + ६० × १५२० = २,०४,०००.

नियम का चालतो ते एकदा लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ज्या ज्या कॉन्ट्रिब्युशनच्या संचाला हा बेसिस इष्टतम असतो त्या सगळ्या संचांचा मिळून एक बहिर्वक्र प्रदेश होतो. त्यातल्या कुठल्याही संचांची भारित सरासरी काढली तरी ती त्याच प्रदेशात पडते. आता तीन संच घ्या: क्रेट एकटीच टोकापर्यंत उतरलेली (३४००, १६००, २५००), बादली एकटीच टोकापर्यंत उतरलेली (४०००, १३३३.३३, २५००), आणि मूळ (४०००, १६००, २५००). तिघांनाही आपला बेसिस चालतो. त्यांना ४०, ३० आणि उरलेले ३० टक्के वजन दिलं की क्रेट १३६० + १२०० + १२०० = ३७६०, बादली ६४० + ४०० + ४८० = १५२० आणि डबा २५००. म्हणजे नेमके आपले नवे दर. बेरीज १०० च्या आत असली तरच मूळ संचाला उरलेलं वजन ऋण होत नाही, म्हणून मर्यादा १००.

यातूनच नियमाची दुसरी बाजूही कळते. १०० च्या वर गेलं तर सरासरीचा हा युक्तिवाद लागू होत नाही, एवढंच. प्रदेश टोकांच्या बिंदूंपलीकडेही पसरलेला असू शकतो. "१०० च्या वर म्हणजे प्लॅन मोडला" हा निष्कर्ष या नियमातून कधीच निघत नाही.

आणखी एक. ही सूट मान्य झाली आणि महिनाअखेर आणखी एक बदल आला, तर टक्के पुन्हा शून्यापासून मोजायचे नाहीत. २ जूनचा रिपोर्ट वापरायचा असेल तर एकूण बदल २ जूनच्या दरापासून धरायचा. नाहीतर सॉल्व्हर पुन्हा चालवून नवा रिपोर्ट काढायचा आणि तिथून मोजायचं. जुन्या मर्यादा आणि नवा आरंभबिंदू अशी सरमिसळ केली की खर्ची पडलेले ७० टक्के हिशोबातूनच गायब होतात.

६ जून

आजचा प्रश्न दाण्याच्या दराचा. पुरवठादार किलोमागे २ ते ३ रुपये वाढ सांगतो आहे. खरेदी विभागाने विचारलं, "किती वाढीपर्यंत प्लॅनला हात लावायचा नाही?"

आधी २ रुपये घेऊ. गोणीमागे ५० रुपये. क्रेटला ६ गोण्या, म्हणून ३०० रुपये कमी. बादलीला १००, डब्याला २०० कमी. टक्के: क्रेट ३००/६०० = ५०, बादली १००/२६६.६७ = ३७.५, डब्याच्या घटीला मर्यादाच नाही म्हणून ०. बेरीज ८७.५. प्लॅन तोच.

३ रुपये घेतले तर गोणीमागे ७५. क्रेट ४५० कमी, म्हणजे ७५ टक्के. बादली १५० कमी, म्हणजे ५६.२५ टक्के. बेरीज १३१.२५. नियम इथे गप्प बसतो. नियमाच्या हिशोबाने गोणीमागे ५७ रुपये, म्हणजे किलोमागे साधारण २.२९ रुपये इथवरच खात्री.

नियम गप्प असेल तर बेसिस थेट तपासायचा. आपल्या मॉडेलमध्ये कॉन्ट्रिब्युशनवरच्या अटी तीनच निघतात:

मशीनची शॅडो प्राइस = ३ × बादली − क्रेट, ही शून्याच्या खाली जाऊ नये.
गोणीची शॅडो प्राइस = (क्रेट − २ × बादली) ÷ २, हीसुद्धा नाही.
डबा आत येऊ नये म्हणून (क्रेट + बादली) ÷ २ हे डब्यापेक्षा कमी नसावं.

३ रुपये वाढीनंतर क्रेट ३५५०, बादली १४५०, डबा २२००. मशीन: ४३५० − ३५५० = ८००. गोणी: (३५५० − २९००) ÷ २ = ३२५. डबा: २५०० विरुद्ध २२००, फरक ३००. तिन्ही अटी आरामात पाळल्या गेल्या. १३१ टक्के झाले तरी प्लॅनला काहीही झालेलं नाही.

आकडे नीट बघितले तर यामागचं कारण दिसतं. मशीनची शॅडो प्राइस पूर्वी ८०० होती, आताही ८००. डब्याचा फरक पूर्वी ३००, आताही ३००. बदलली ती फक्त गोणीची शॅडो प्राइस, आणि तीही नेमकी ७५ ने. हा योगायोग नाही. दाणा महागला की प्रत्येक वस्तूचं कॉन्ट्रिब्युशन तिला लागणाऱ्या गोण्यांच्या प्रमाणात उतरतं, म्हणजे बदल दाण्याच्या ओळीलाच समांतर असतो. मग बेसिसच्या दृष्टीने एवढंच होतं की गोणीची वरकमाई तितक्या रुपयांनी घटते. ती ४०० वरून शून्यावर येईपर्यंत हाच बेसिस राहतो. ४०० रुपये गोणीमागे म्हणजे किलोमागे १६ रुपये.

नियम सांगतो २.२९, प्रत्यक्षात मर्यादा १६. सातपट अंतर. कारण नियम असं धरून चालतो की क्रेट आणि बादली वाटेल त्या जोडीने हलू शकतात. इथे त्या एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. बादली उतरल्याने मशीनची जी अट घट्ट होते ती क्रेट उतरल्याने सैल होते, आणि डब्याचं कॉन्ट्रिब्युशन उतरल्याने तर फायदाच होतो, पण नियमात त्याची नोंद ० टक्के एवढीच होते. सैल होण्याचं श्रेय नियम कोणालाच देत नाही.

उलट दिशेला तर हे आणखी ठळक दिसतं. दाणा स्वस्त झाला तर तिन्ही कॉन्ट्रिब्युशन वाढतात, त्यात डब्याची वाढही मोजावी लागते. गोणीमागे १ रुपया घटीला ६/८०० + २/४०० + ४/३००, मिळून साधारण २.५८ टक्के. म्हणजे गोणीमागे ३९ रुपयांच्या आतच नियमाचे १०० टक्के संपतात. प्रत्यक्षात दाणा कितीही स्वस्त झाला तरी हा बेसिस मोडत नाही, फक्त गोणीची शॅडो प्राइस वाढत जाते.

खरेदी विभागाला लेखी उत्तर दिलं: किलोमागे १६ रुपयांपर्यंत, बाकीचे दर आणि तास कायम असतील तर, याच प्रमाणात माल काढा. शेवटची अट मुद्दाम घातली. विक्रीची सूट आणि दाण्याची वाढ एकत्र आली तर हे १६ लागू होत नाहीत, तिन्ही अटींत नवे आकडे घालून बघायचं.

तपासणीचा छोटा कोड शीटसोबत ठेवला आहे:

```python
import numpy as np
A = np.array([[2,1,1.5],[6,2,4],[3,2,4]])
B = np.column_stack([A[:,0], A[:,1], [0,0,1]])
c = np.array([3550,1450,2200])
y = np.array([c[0],c[1],0]) @ np.linalg.inv(B)
print(y, y @ A - c)
```

`y` मध्ये शॅडो प्राइस येतात, दुसऱ्या कंसात प्रत्येक वस्तूचा फरक. यातलं काहीही ऋण नसेल तर बेसिस कायम. इथे ८००, ३२५, ० आणि ०, ०, ३०० येतं. दशांशातल्या चुकीमुळे शून्याच्या जागी अगदी बारीक ऋण आकडा दिसू शकतो, तो ऋण धरायचा नाही.

९ जून

मागच्या नोंदीनंतर एक धोका आहे: १३१ टक्के असूनही काही झालं नाही, म्हणजे १०० च्या वरचा आकडा मनावर घ्यायचं कारण नाही, असं कोणाला वाटू शकतं. म्हणून त्याच पट्टीतलं दुसरं उदाहरण मांडून ठेवतो.

समजा क्रेट ४५० ने उतरली आणि बादली २५० ने चढली. क्रेट ७५ टक्के, बादली २५०/४०० = ६२.५ टक्के, बेरीज १३७.५. दाण्याच्या वाढीपेक्षा थोडीच जास्त. आता क्रेट ३५५० आणि बादली १८५०. गोणीची अट: (३५५० − ३७००) ÷ २ = −७५. ऋण. बेसिस मोडला. सगळा दाणा वापरणं आता तोट्याचं आहे.

सॉल्व्हर पुन्हा चालवला की ६ शेकडा क्रेट, १०८ शेकडा बादल्या येतात. मशीनचे १२० तास आणि पॅकिंगचे २३४ तास पूर्ण लागतात, दाण्याच्या ४८ गोण्या उरतात. कॉन्ट्रिब्युशन २,२१,१००. जुनाच प्लॅन रेटला असता तर नव्या दराने २,१७,५०० मिळाले असते, म्हणजे आठवड्याला ३६०० रुपयांचा फटका. रक्कम फार मोठी नाही, पण क्रेटच्या ३००० नगांवरून ६०० नगांवर येणं हा मोल्ड बदलण्याच्या वेळापत्रकातला मोठा फरक आहे.

क्रेट उतरणं आणि बादली चढणं या दोन्ही गोष्टी गोणीच्या अटीवर एकाच बाजूने दाबतात. म्हणून शेरा असा: एका वस्तूचा दर घसरला आणि दुसरीचा चढला, आणि दोन्ही बेसिसमध्ये आहेत, तर नियमाचा इशारा खरा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकाच कारणाने एकाच दिशेने हलल्या तर तो बहुतेक वेळा जास्तीचा सावधपणा असतो. शक्यता एवढंच. निर्णय तीन अटींवर.

१० जून

नियम अगदी काटेकोर कधी असतो, त्याचं उदाहरण डब्यात सापडलं. क्रेट ३०० ने उतरवा (५० टक्के) आणि डबा १५० ने चढवा (५० टक्के). बेरीज बरोबर १००. डब्याची अट: (३७०० + १६००) ÷ २ = २६५०, आणि डब्याचं नवं कॉन्ट्रिब्युशनही २६५०. तंतोतंत काठावर. क्रेटच्या घटीला ६०० ची मर्यादा घातली होती ती डब्यानेच, आणि डब्याच्या वाढीची मर्यादाही त्याच अटीतून आली होती. दोन्ही बदल एकाच अटीची जागा खातात म्हणून एक रुपया पुढे गेलं की बेसिस बदलतो.

बरोबर १०० आलं तर बेसिस इष्टतमच असतो, पण तो एकटाच असेल असं नाही. इथे डबा काढूनही तेवढंच कॉन्ट्रिब्युशन मिळेल. अशा वेळी नव्याने काढलेल्या रिपोर्टमध्ये डब्याचा `Reduced Cost` आणि `Allowable Increase` दोन्ही शून्य दिसतात. पुढे टक्के काढताना शून्याने भागाकार येतो आणि शीटमध्ये `#DIV/0!` पडतं. त्या सेलला शून्य समजायचं नाही. मर्यादा शून्य असलेल्या दिशेला जरासाही बदल असेल तर नियमाची खात्री संपली. त्या दिशेला बदलच नसेल तर ते पद सोडून द्यायचं.

बेसिसबाहेरच्या वस्तूंपुरती सवलतही इथेच नोंदवतो. आपल्याकडे बाहेर एकटा डबा आहे. उद्या मग आणि टबही मॉडेलमध्ये आले आणि तेही बाहेर राहिले, आणि फक्त अशा बाहेरच्यांचेच दर बदलले, तर बेरीज करायची गरज नाही. प्रत्येकाचा फरक स्वतंत्र असतो. प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत असला की पुरे, तिघांचे मिळून २४० टक्के झाले तरी चालतात. बेसिसमधली एक जरी वस्तू हलली तरी सगळ्यांची बेरीज करायची.

१३ जून

आता उजवी बाजू. नियम तोच, पण "बेसिस कायम" या शब्दांचा अर्थ वेगळा होतो. दर बदलले आणि बेसिस राहिला तर नगांची संख्या जशीच्या तशी राहते. तास किंवा गोण्या बदलल्या आणि बेसिस राहिला तर नगांची संख्या बदलते, शॅडो प्राइस तशाच राहतात. फ्लोअरवर "प्लॅन तोच" असा निरोप गेला तर गोंधळ होणार, म्हणून निरोपात नेहमी नवे आकडे द्यायचे.

रविवारी मशीन ४ तास जादा चालवायचं आहे आणि पॅकिंगचा एक माणूस एक दिवस येणार नाही. मशीन +४, वाढीची मर्यादा ८, म्हणून ५० टक्के. पॅकिंग −६.५, मर्यादा २४, म्हणून २७ टक्के. बेरीज ७७. बेसिस कायम. नवे आकडे: क्रेट (३०० − २४८) ÷ २ = २६, बादल्या ३७२ − ३०० = ७२. पॅकिंगला २२२ तास लागतील, हातात २२७.५ आहेत. कॉन्ट्रिब्युशन २,१९,२००, म्हणजे नेमकी ४ × ८०० ची भर. मशीनचे तास वाढले आणि क्रेट कमी झाली, हे सुपरवायझरला खटकेल. दाणा तेवढाच आहे. वाढीव तास वापरायचे तर तासामागे कमी दाणा खाणारी बादली वाढवावी लागते.

पॅकिंगला शिल्लक आहे म्हणून त्याची घट सोडून द्यावी असा मोह होतो. फक्त शिल्लक असलेल्या अटीच बदलल्या असत्या तर प्रत्येकीची मर्यादा वेगळी बघून भागलं असतं. इथे मशीनचे तासही हलतात आणि ते पॅकिंगची शिल्लक खातात, म्हणून पॅकिंगचे टक्के धरायलाच हवेत.

१०० च्या वरचं चित्र इथेही दोन्ही प्रकारचं आहे. साच्याच्या दुरुस्तीसाठी मशीन ८ तास बंद (४० टक्के) आणि पावसात गाडी अडकून ३० गोण्या कमी (६२.५ टक्के): बेरीज १०२.५, पण उत्तर २३ शेकडा क्रेट, ६६ शेकडा बादल्या आणि पॅकिंगला २०१ तास. सगळं धन, बेसिस कायम. उलट मशीन १२ तास बंद (६० टक्के) आणि ३० गोण्या जादा आल्या (५० टक्के): बेरीज ११०, आणि बादल्या ३२४ − ३३० = −६. ऋण बादल्या काढता येत नाहीत, बेसिस बदलणार. दोन साधनं एकाच दिशेने कमी झाली तर ती एकमेकांना सांभाळून घेतात. एक घटलं आणि दुसरं वाढलं की तोल जातो.

दरांचे टक्के आणि साधनांचे टक्के एकत्र करायचे नाहीत. ३ जूनचे ७० आणि आजचे ७७ मिळून १४७ झाले म्हणून घाबरायचं कारण नाही. नगांची संख्या धन राहते का हे फक्त उजव्या बाजूवर ठरतं, शॅडो प्राइस आणि फरक धन राहतात का हे फक्त दरांवर. दोन वेगळे हिशोब, दोन्ही १०० च्या आत, म्हणून दोन्ही बदल एकदम आले तरी बेसिस तोच.

१७ जून

पॅकिंगचे तास बरोबर २१० उरलेल्या आठवड्याचा रिपोर्ट तपासला. प्लॅन तोच, ३० आणि ६०, पण आता मशीन, दाणा आणि पॅकिंग तिन्ही पूर्ण वापरलेले. अटी तीन आणि शून्य नसलेले आकडे दोनच (शिल्लक धरून). हे अवनत उत्तर आहे, आणि अशा जागी रिपोर्टच्या मर्यादा जपून वाचायच्या असतात.

कारण एकाच प्लॅनला इथे दोन बेसिस लागू पडतात. एकात मशीनची शॅडो प्राइस ८०० आणि गोणीची ४००, पॅकिंगची ०. दुसऱ्यात मशीनची ०, गोणीची ५३३.३३ आणि पॅकिंगची २६६.६७. पहिल्यात क्रेटची घट ६०० पर्यंत चालते, दुसऱ्यात १६०० पर्यंत. सॉल्व्हर ज्या बेसिसवर थांबला त्याच्या मर्यादा छापतो आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाही. नियम तेव्हाही खोटा ठरत नाही: बेरीज १०० च्या आत असेल तर प्लॅन नक्की टिकतो. पण पहिल्या बेसिसचा रिपोर्ट हातात असेल तर क्रेटच्या १००० रुपयांच्या घटीला १६७ टक्के दिसतील, आणि प्रत्यक्षात ३०-६० हाच प्लॅन इष्टतम असेल.

खूण सोपी आहे. रिपोर्टच्या खालच्या भागात एखाद्या अटीची शॅडो प्राइस शून्य आहे आणि तरी `Final Value` उजव्या बाजूइतकीच आहे, किंवा एखादी वाढ-घटीची मर्यादा शून्य आहे, तर थांबायचं आणि नवे दर घालून सॉल्व्हरच चालवायचा.

रिपोर्टची अजून एक गोष्ट. "बादल्या ५० शेकड्यांहून जास्त नको" अशी अट थेट बादलीच्या सेलवर लावली तर सॉल्व्हर तिला अटींच्या यादीत दाखवत नाही, तिची किंमत बादलीच्या `Reduced Cost` मध्ये जाते. मग त्या ५० मधल्या बदलाचे टक्के काढायला मर्यादाच मिळत नाही. अशी अट वेगळ्या सेलमध्ये सूत्र लिहून लावायची. आणि नग पूर्णांक हवेत अशी अट घातली तर हा रिपोर्ट मिळतच नाही, त्यामुळे आपण शेकड्यात अपूर्णांक चालू ठेवले आहेत.

१९ जून

क्रेटच्या साच्यात थंड पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. सायकल टाइम ७२ सेकंदांवरून ७९ वर गेला, म्हणजे शेकड्याला २ ऐवजी साधारण २.२ तास. याचे टक्के किती, असं विचारलं गेलं. याला टक्के नाहीत. नियम उद्दिष्टातल्या गुणकांना आणि उजव्या बाजूला लागतो. तक्त्याच्या आतला गुणक, तोही बेसिसमधल्या वस्तूचा, बदलला की बेसिसचा मॅट्रिक्सच बदलतो. सगळ्या शॅडो प्राइस आणि सगळ्या मर्यादा एकदम नव्या होतात. रिपोर्टमध्ये त्यासाठी रकाना नाही आणि शोधूही नये.

सॉल्व्हर पुन्हा चालवला. ३७.५ शेकडा क्रेट, ३७.५ शेकडा बादल्या, कॉन्ट्रिब्युशन २,१०,०००. क्रेट हळू झाली आणि तरी तिची संख्या वाढली. मशीन आता जास्त टंचाईचं आहे (तासाची शॅडो प्राइस १०००, गोणीची ३००), आणि दाणा सगळा संपवायचा तर गोणीमागे कमी तास घेणारी वस्तू अजूनही क्रेटच आहे.

वस्तू त्याच आत आहेत, पण जुना रिपोर्ट आता फाइलमधून काढला आहे. क्रेटच्या घटीची मर्यादा ६०० वरून ३२० वर आली, बादलीच्या वाढीची ४०० वरून २१८ वर. ३ जूनची सूट, क्रेट २४० आणि बादली ८० कमी, तेव्हा ७० टक्के होती. आता तीच ७५ + ३० = १०५ होते. थेट तपासणीत ती अजून बसते, पण डब्याचा फरक फक्त ४० रुपये उरतो. विक्री विभागाला कळवलं आहे की साचा दुरुस्त होईपर्यंत क्रेटमध्ये आणखी सूट देण्याआधी डब्याची अट पुन्हा काढून घ्यावी.